मदत हवी आहे: देणगीचा शब्द फिरवला, दावा लागेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही देवगडकडचे. गणपतीत आलेल्या एका चाकरमान्यांनी देवळाच्या सभामंडपाला 2 लाख देतो म्हणून वहीत सही केली. आता हात वर! वकील म्हणतात, 1872 च्या करार कायद्याचं कलम 25 बघा. बदल्यात त्यांना काहीच मिळालेलं नाही, म्हणजे मोबदला नाही, आणि नुसतं 'देतो' म्हटल्यावर वसुली होत नाही. प्रत्यक्ष दिले असते तर परत मागता आले नसते.

पण "चिरा मागवा, काम काढा" हा त्यांचाच मेसेज. त्या भरवशावर आम्ही ठेकेदाराशी करार केला. 1886 च्या केदारनाथ खटल्यात, हावड्याच्या टाउन हॉलसाठी, अशीच वर्गणी कोर्टाने द्यायला लावली होती. त्यांच्या सांगण्यावरून अंगावर घेतलेला खर्च हाच मोबदला ठरवायला एवढा मेसेज पुरेल का?