मदत हवी आहे: मागच्या खोलीतले हे उंदीर की चिचुंद्र्या? तीन फोटो टाकलेत

धुऱ्यावरची
नमस्कार मंडळी. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात. मागच्या खोलीत तुरीचे अन् गव्हाचे कट्टे लावून ठेवले आहेत. पंधरा दिवस झाले, दिवा मालवला की खुडबुड सुरू होते. दिराने झिंक फॉस्फाइडची पुडी आणून ठेवली. सासूबाई म्हणतात, ती चिचुंद्री आहे, लक्ष्मी असते, मारायची नाही. आता उद्यापर्यंत ठरवायचं आहे.

फोटो १: मोरीच्या भोकापाशी मेलेलं, एका कुशीवर पडलेलं. फोटो २: कट्ट्यावर बसलेलं, वरून टॉर्चच्या उजेडात काढलाय. फोटो ३: लाकडाच्या मागे शिरताना, फक्त मागचा भाग आला. तिन्ही राखाडी, तिन्हींचं तोंड (जिथे दिसतं तिथे) टोकदार. एकच जात आहे का?

रामटेकचा_गडी
ताई, नाक लांब म्हणजे चिचुंद्री, झालं. ती आंधळी असते अन् धान्याला तोंड लावत नाही. तुमच्याकडे सगळ्या चिचुंद्र्याच आहेत. पुडी परत करा.

बाप्पा_काऊन
मांजर पाळा ना. आमच्या इथं बोकी आली तेव्हापासून एक उंदीर दिसला नाही. फक्त त्या घाणेरड्या वासाच्यांना ती मारते अन् दारात टाकून देते, खात नाही. हे काऊन असते, कोणी सांगेल का?

घुबडगोळी
@बाप्पा_काऊन भाऊ, चिचुंद्रीच्या कुशीत वासाच्या ग्रंथी असतात. तुमच्या बोकीला शिकार जमते, चव जमत नाही.

@धुऱ्यावरची ताई, घुबडं बसतात त्या झाडाखालच्या, त्यांनी ओकून टाकलेल्या गोळ्या फोडून हाडं निवडायचा मला नाद आहे, म्हणून थोडं सांगतो.

फोटो १ चिचुंद्रीच आहे. पण नुसत्या नाकाच्या लांबीवर जाऊ नका. बाजूने बघा, खालचा ओठ कुठे संपतो ते. चिचुंद्रीचं नाक ओठाच्या पुढे सोंडेसारखं बाहेर आलेलं असतं, खालचा जबडा मागेच राहतो. उंदराचं नाक नि ओठ जवळपास एकाच ठिकाणी संपतात. डोळा तर तुमच्या फोटोत शोधावा लागला, मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक. शेपूट बुडाशी जाड अन् पुढे निमुळतं, मुळ्यासारखं, त्यावर तुरळक लांब केस. फोटो मोठा करून शेपटाची कडा बघा, भिंतीच्या पांढऱ्या भागावर ते केस उभे दिसतात.

फोटो २ उंदीर आहे. वरून काढला की नाक पुढे निघालेलं वाटतं, त्यात तो वास घेत होता, मान लांब केलेली. पण कान बघा, डोक्यापासून सुटे, मोठे, टॉर्चच्या उजेडात पातळ दिसतात. डोळा काळ्या मण्यासारखा फुगीर आहे. शेपूट सुतळीएवढं बारीक, अंगाइतकंच लांब, तेही जवळजवळ एकसारख्या जाडीचं.

गडीभाऊंचं अर्धं बरोबर आहे. डोळे बारीक असतात, नजर अधू असते, पण ती आंधळी नाही. ती वासावर अन् मिशांवर चालते, म्हणून भिंतीच्या कडेकडेने फिरते. खाणं मुख्यतः झुरळं, किडे, गांडुळं. भाकरीचा तुकडा, उष्टं मिळालं तर तेही खाते. पण कट्टा कुरतडायचे दात तिला नाहीत.

फोटो ३ वर मी बोलत नाही.

धुऱ्यावरची
भाऊ, दात कसे बघायचे? मेलेली अजून तिथंच आहे, वास येऊन राहिला.

घुबडगोळी
हातात प्लॅस्टिकची पिशवी घाला, काडीने ओठ वर करा अन् जवळून फोटो काढा. बाजूला रुपया ठेवा म्हणजे आकार कळेल. उंदराला समोर पिवळट छिन्नीसारखे दोन दात वर, दोन खाली, त्यांच्यामागे मोकळी जागा, मग दाढा. चिचुंद्रीला पांढऱ्या, टोकदार दातांची रांग, मध्ये जागा सोडलेलीच नाही. पुढच्या पायाची बोटंही मोजा: तिला पाच, उंदराला नीट दिसणारी चारच.

कोंबडीवाली_आशा
मला याचा राग आहे. माझी चार पिल्लं गेली, मानेपाशी चावलेली. सगळे चिचुंद्री म्हणजे उपकार करणारी म्हणतात, माझ्या खुराड्यात काय उपकार केले? विष हवंच.

घुबडगोळी
आशाताई, लहान पिल्लाला ती मारू शकते, हे नाकारत नाही. पण घूस आणि मुंगूसही मारतात. खुराड्यात तिला पाहिली का, की फक्त पिल्लं सापडली? दुसरं असेल तर आधी जाळीचं भोक बघा. अर्ध्या इंचाची जाळी अन् खाली फरशी असेल तर तिघांचाही रस्ता बंद होतो.

धुऱ्यावरची
मोजलं. पुढे पाच बोटं. दात पांढरे, सुईसारखे, जागा नाही. म्हणजे फोटो १ चं पक्कं. मग सासूबाई पण बरोबर, दीर पण बरोबर?

घुबडगोळी
दोघंही, अर्धे अर्धे. आता फोटो सोडा, कट्टे बघा. कोपरा कापलेला, गहू अर्धवट कुरतडलेले आहेत का? लेंड्या कशा आहेत? उंदराच्या तांदळाएवढ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, जागोजागी पसरलेल्या. चिचुंद्रीच्या मोठ्या, वासाच्या, बहुतेक कोपऱ्यात ढिगाने. फोडल्या की झुरळाच्या पंखांचे चकाकते तुकडे निघतात.

धुऱ्यावरची
दोन कट्ट्यांचा खालचा कोपरा कुरतडला आहे. लेंड्या बारीक, सगळीकडे. मोरीकडे मात्र काळा ढीग आहे, मी तो चिखल समजत होते.

घुबडगोळी
म्हणजे दोघं आहेत. धान्य उंदीर खातो, मोरीतली झुरळं चिचुंद्री खाते. गव्हात झिंक फॉस्फाइड कालवून ठेवलं तर उंदराचा बंदोबस्त होईल कदाचित, पण मेलेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजराच्या जिवालाही धोका, आणि ते विष ओलाव्याला लागलं की फॉस्फिन वायू सुटतो. घरात, धान्याशेजारी नकोच, ते शेतातल्या बिळांसाठी असतं. सापळे लावा. ते रोज सकाळी लवकर बघा: चिचुंद्रीची भूक भयंकर असते, रात्रभर अडकली तर सकाळी मेलेली सापडते. जिवंत असेल तर लांब नेऊन सोडा. कट्टे भिंतीपासून हातभर पुढे अन् फळ्यांवर ठेवा.

रामटेकचा_गडी
बरं, मानलं. मग लक्ष्मीचं काय?

घुबडगोळी
झुरळं कमी करणारी लक्ष्मी, मान्य. पण हात लावू नका. २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती. त्याचे जंतू पसरवणाऱ्या माइट्सची पिल्लं उंदरांवर असतात तशी चिचुंद्रीवरही असतात. पुरताना पिशवी हातात हवीच, नंतर साबणाने हात धुवा.

बाप्पा_काऊन
मागच्या पावसाळ्यात आमच्या अंगणात हातभर लांब साप सरपटत आला. काठी मारणार तोच साप तुटला आणि पाच ठिकाणी पळाला. तीच का ही?

घुबडगोळी
तीच. पिल्लं एकमेकांना शेपटाच्या बुडापाशी तोंडाने धरून आईमागे रांग करतात. बरं झालं काठी थांबली.

धुऱ्यावरची
मेलेली पुरली. पुडी दिराकडे परत. फोटो ३ मधलं शेपूट जाड आहे पण केस दिसत नाहीत, अन् अंग मला मोठं वाटतं. घुशीचं पिल्लू असेल तर?

घुबडगोळी
असू शकतं. ओंडका अन् शेपूट एकाच चौकटीत येईल असा, बाजूने एक फोटो काढा. ओंडक्याजवळ माती उकरलेली आहे का तेही बघा.

धुऱ्यावरची
ओंडका हलवला. मागे मातीचा ढिगारा आहे, पण कोणी दिसलं नाही. उद्या रात्री बसते.