जाड आऊटलाईन दिली की वाचता येतं म्हणे!

मूळ पोस्ट: "स्टोरी असो वा थंबनेल, पांढरी अक्षरं, जाड काळी आऊटलाईन आणि सावली दिली की कुठल्याही फोटोवर वाचता येतं. ज्यांना येत नाही त्यांनी चष्म्याचा नंबर तपासावा."

डिचोलीचा पेंटर: नंबर तपासलाय, ठीक आहे. आमच्या वाड्यावरच्या जत्रेची स्टोरी आली, "नाटकाचा वार बदलला". निम्म्यांनी "बार बदलला" वाचलं आणि हसून स्टोरी पुढे सरकवली. मंगळवारी संध्याकाळी दहाजण रिकाम्या मांडवात!
आऊटलाईन बाहेर पसरते तशी अक्षराच्या पोटातही शिरते. ब आणि व यांच्यात फरक काय तो पोटातल्या तिरक्या रेघेचा. पोट काळं झालं की दोघे जुळे भाऊ. मी बोर्डावर हाताने काढतो तेव्हा पोट मोकळं सोडतो, ॲप सोडत नाही.

म्हापशेकार: मग आऊटलाईन बारीक करा, झालं. एवढं पुराण कशाला?

डिचोलीचा पेंटर: अर्धं बरोबर. पण १२८० पिक्सेल रुंद थंबनेल फोनवरच्या यादीत १६० चं झालं की सगळं आठपट लहान होतं. अनुस्वार आणि शिरोरेषा यांच्यातली ६ पिक्सेलची फट एका पिक्सेलच्याही आत येते, म्हणजे संपलीच. मोठ्या पडद्यावर बनवणाऱ्याला हे कळत नाही. थंबनेल बोटाएवढं करून बघा, मग अपलोड करा.

फोंड्याची मावशी: आमच्या नातवाने माझ्या साठीला स्टोरी टाकली, त्यात केकचं स्टिकर नेमकं माझ्या नावातल्या वेलांटीवर. अजून सगळे चिडवतात.

रोमी बरी: म्हणूनच आम्ही कोंकणी रोमीत, म्हणजे रोमन लिपीत लिहितो. मात्रा नाही, वेलांटी नाही, कटकट नाही.

म्हापशेकार: झालं, आला लिपीचा वाद! १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून तेच ऐकतोय.

रोमी बरी: तुम्हीच पेटवता. आमच्या गावात तियात्राची, आमच्या कोंकणी नाटकाची, जाहिरात रोमीतच वाचतात.

डिचोलीचा पेंटर: रोमीतला a आणि e सुद्धा पोट भरलं की सारखेच दिसतात, साहेब. लिपीला कशाला दोष?

रोमी बरी: देवनागरीवाल्यांना प्रत्येक वेळी शेवटचा शब्द हवाच असतो.

मूळ पोस्टवाला: विषय आऊटलाईनचा होता ना? मग फोटो उजळ असेल तर करायचं काय, ते सांगा.

डिचोलीचा पेंटर: अक्षरांमागे काळी पट्टी टाका, साधी, थोडी पारदर्शक. आऊटलाईन नको, सावली नको. दोन ओळींत जागा ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. आणि थंबनेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात वेळेचा आकडा येतो, तिथे काही लिहू नका.

मूळ पोस्टवाला: पट्टी म्हणजे मयताची बातमी वाटते. पण बरं, "वार" लिहिताना टाकीन. "बार"ला आऊटलाईनच राहील.

फोंड्याची मावशी: स्टिकर कसं काढायचं ते कोणी सांगेल का?