अनुभव धागा: वहीच्या पानाच्या फोटोवरून नीट टिपणं

जुनीवही: काल माळ्यावरच्या ट्रंकेत बीएस्सीची फिजिऑलॉजीची वही सापडली. वास तोच! भाचीला किडनीचं लेक्चर हवं होतं, म्हणून फोटो काढून ॲपने मजकूर उचलला. डावीकडे दोन ओळी: 'अल्डोस्टेरॉन', खाली 'सोडियम परत ओढतं'. शेजारी समासात लाल चौकट: 'एडीएच', खाली 'पाणी परत ओढतं'. ॲपने आडवं वाचलं, 'अल्डोस्टेरॉन एडीएच सोडियम परत ओढतं पाणी परत ओढतं'. तुमचे अनुभव सांगा.

कुकरच्या_शिट्ट्या: माझ्या वहीत वरणाचे डाग, तेही अक्षर समजून वाचले 😂

टंकलेखिका: वीस वर्षं लोकांच्या वह्या टाइप करतेय. आधी फोटोवरच बोटाने तुकड्यांना १, २, ३ घालायचे, सर बोलले त्या क्रमाने. मग एकेक तुकडा कापून वेगळा वाचून घ्यायचा आणि त्याच क्रमाने चिकटवायचा. तुमची चौकट वेगळी कापली असती तर ही खिचडी झाली नसती. वहीत अधोरेखित असेल तेच शीर्षक. आपण घातलेलं चौकोनी कंसात. लागलं नाही तिथे [?], अंदाज नाही.

पुणेरी_पाटी: एवढा खटाटोप कशाला? ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर मारा, अक्षर ठसठशीत येतं. आणि क्रम पुस्तकाप्रमाणे लावून टाका.

टंकलेखिका: शाईला फिल्टर चालतो, पेन्सिलीचे बाण उडतात. आणि क्रम लावू नका हो. एकाने लावला होता, असंच किडनीचं पान. सरांनी आदल्या दिवशी राहिलेला हेन्लेचा लूप आधी घेतला, मग पुस्तकात त्याच्या आधी येणारं पीसीटी, म्हणजे किडनीतल्या नळीचा पहिला भाग. पीसीटीखाली लिहिलेलं, 'इथे वरच्यासारखं नाही, मीठ नि पाणी दोन्ही बरोबर जातात'. पीसीटी उचलून वर नेलं, तर 'वरच्यासारखं' म्हणजे कुणासारखं? वर ग्लोमेरुलस आला.

जुनीवही: अगं बाई, माझ्या पानावरही 'वरीलप्रमाणे' तीनदा आहे.

दादरकर: आजोबांची मोडीतली कागदपत्रं अशी होतील का? सलग रेघ ओढून खाली अक्षरं, शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही.

कुकरच्या_शिट्ट्या: मोडीसाठी वेगळा धागा काढा ना. बाकी ते ,, 'वरचंच' खुणेचं चिन्ह माझ्याकडे ११ झालं. 'ग्लुकोज ११'!

टंकलेखिका: हो, ते नेहमीचं. खूण दिसली की वरचा शब्द पूर्ण लिहायचा.

जुनीवही: पण चौकट लाल पेनची, म्हणजे नंतर लिहिलेली. ती शेवटी घ्यायची की जागेवर?

टंकलेखिका: मी जागेवर घेते, पुढे [समासात, लाल] असं लिहून. बाण असेल तर टोक जिथे टेकतं तिथे.

पुणेरी_पाटी: शेवटी घ्या. नंतर लिहिलं म्हणजे नंतर बोलले.

जुनीवही: किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री मीच लिहिलं असेल, आता कुठलं आठवतंय! भाची म्हणतेय, मावशी, फोटोच पाठव.