मदत हवी आहे: क्लबच्या नोंदणीनंतर जाणाऱ्या आठवणीच्या मेलचं काम सोपवताना यादीत काय हवं?

शेवटचं_सत्र

आमच्या क्लबच्या कार्यक्रमांना गुगल फॉर्मवरून नोंदणी होते. उत्तरं एका शीटमध्ये जमा होतात आणि त्या शीटला जोडलेली स्क्रिप्ट रोज सकाळी चालते. ज्यांचा कार्यक्रम उद्या आहे त्यांना ती मेल पाठवते आणि शेवटच्या रकान्यात 'पाठवली' असं लिहिते. हे सगळं माझ्या कॉलेजच्या खात्यावर आहे. निकाल लागला की ते खातं बंद होणार. पुढे हे काम दुसऱ्या वर्षातली एक मुलगी बघेल. ती हुशार आहे, पण तिने स्क्रिप्ट कधी उघडलेली नाही.

आतापर्यंतची माझी यादी: शीटची मालकी देणे, फॉर्मची मालकी देणे, स्क्रिप्ट कशी चालते ते एका पानावर लिहिणे, पोस्टरच्या मूळ फाइल देणे. काहीतरी मोठं सुटतंय असं वाटतंय.

पाटी_पेन्सिल

एवढं काही नाही रे. शीटची मालकी बदल, स्क्रिप्ट शीटला चिकटलेलीच असते, ती आपोआप सोबत जाते. आम्ही असंच केलं होतं, पुढेही मेल जात राहिले.

रात्रपाळी

स्क्रिप्ट सोबत जाते हे खरं, पण ट्रिगर जात नाही. रोज सकाळी स्क्रिप्टला उठवणारा ट्रिगर ज्याने लावला त्याच्याच खात्यावरून चालतो, शीटचा मालक कोणी का असेना. पाटी_पेन्सिल, तुमच्याकडे मेल जात राहिले याचा अर्थ जुन्या मुलाचं खातं अजून चालू आहे आणि त्याला शीट उघडता येते. ते खातं बंद झालं की मेलही थांबतील. आणि बिघाडाची सूचना ट्रिगर लावणाऱ्यालाच जाते, त्यामुळे ती कोणी वाचणारही नाही.

शेवटचं_सत्र, तुमच्या यादीतली पहिली ओळ बदला. 'नवीन ट्रिगर कोणत्या खात्यावरून लागेल' हे आधी ठरवा, बाकीचं त्यावर अवलंबून आहे.

चहा_नंतर

माझं मत, आठवण एक दिवस आधी नको, दोन तास आधी पाठवा. लोक सकाळचा मेल वाचून विसरतात.

शेवटचं_सत्र

@चहा_नंतर, मेल कधी जावा हा प्रश्न नाहीये, तो कोणाच्या खात्यावरून जावा हा आहे. :)

@रात्रपाळी, तिचं स्वतःचं साधं जीमेल चालेल? कॉलेजचं खातं घेतलं तर दोन वर्षांनी पुन्हा हेच.

रात्रपाळी

चालेल, पण दोन अडचणी येतील.

पहिली म्हणजे कॉलेजच्या खात्यातली फाइल बाहेरच्या जीमेलच्या मालकीची करता येत नाही. मग प्रत काढावी लागते. फॉर्म जोडलेल्या शीटची प्रत काढली की फॉर्मचीही नवी प्रत तयार होते आणि तिचा दुवा वेगळा असतो. भिंतीवरच्या पोस्टरवरचा क्यूआर जुन्याच फॉर्मकडे जातो आणि उत्तरं जुन्या शीटमध्ये पडतात. नवीन मुलीला स्वतःच्या शीटमध्ये एकही नोंदणी दिसत नाही आणि तिला वाटतं कोणालाच यायचं नाही. म्हणून प्रत दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या काळात काढा आणि जुना फॉर्म उत्तरं घेणं बंद करून तिथल्या संदेशात नवीन दुवा द्या. प्रतीत ट्रिगर येत नाहीत. स्क्रिप्टच्या `Script Properties` मध्ये क्लबचा मेल पत्ता वगैरे ठेवला असेल तर तोही येत नाही, हाताने भरावा लागतो.

दुसरी अडचण मर्यादेची. स्क्रिप्टमधून साध्या जीमेलवरून दिवसाला 100 जणांना मेल जातो, कॉलेजला गुगल वर्कस्पेस असेल तर 1500 जणांना. तुम्हाला आजवर ही मर्यादा जाणवलीच नसेल. समजा आकाशदर्शनाला 130 नोंदण्या आल्या. तिच्या खात्यावरून पहिले 100 मेल जातील, मग स्क्रिप्ट `Service invoked too many times for one day: email` म्हणून थांबेल. उरलेल्या 30 जणांचा 'पाठवली' रकाना रिकामा राहील, आणि दुसऱ्या सकाळी तुमची स्क्रिप्ट त्यांच्याकडे बघणार नाही, कारण कार्यक्रम तेव्हा 'उद्या' नसून 'आज' असेल. त्या दिवशी किती शिल्लक आहेत ते असं दिसतं:

```
function shillak() {
  Logger.log(MailApp.getRemainingDailyQuota());
}
```

उपाय सोपा आहे. अट 'उद्या' ऐवजी 'उद्या किंवा परवा, आणि रकाना रिकामा' अशी करा. मग 130 जण दोन दिवसांत विभागले जातात. मेलच्या मजकुरात मात्र 'उद्या' न लिहिता तारीख लिहा.

ओसरी

आमच्या क्लबमध्ये नेमकं हेच झालं होतं. सीनियर पास झाला, त्याचं खातं गेलं, आणि शीटसुद्धा गेली कारण ती त्याच्याच मालकीची होती. कोणाला कळलं नाही. पुढच्या कार्यक्रमाला माणसं कमी आली तेव्हा आम्ही पोस्टर वाईट होतं म्हणून एकमेकांशी भांडलो! त्यामुळे मेल बंद पडले तर *कळेल कसं* ते यादीत लिहा.

रात्रपाळी

यासाठी मी स्क्रिप्टच्या शेवटी क्लबच्या पत्त्यावर रोज एक ओळीचा मेल पाठवतो: 'आज 12 आठवणी गेल्या'. शून्य असल्या तरी पाठवायचा. तो मेल आला नाही म्हणजे ट्रिगर मेला किंवा स्क्रिप्ट मध्येच अडली. रोजच्या मर्यादेतला एक मेल त्यात जातो, जाऊ दे. ट्रिगर लावताना बिघाडाची सूचना 'लगेच' वर ठेवायलाही सांगा.

शेवटचं_सत्र

आणि जुना ट्रिगर? खातं बंद होईपर्यंत राहू दिला तर चालेल ना?

रात्रपाळी

नको. प्रत काढल्यावर दोन्ही शीटमध्ये तीच नावं आहेत, दोन्ही ट्रिगर चालू राहिले तर प्रत्येकाला दोन मेल जातील. तिला तुमचा ट्रिगर काढता येणार नाही, तो तुम्हालाच तुमच्या खात्यातून `Triggers` मध्ये जाऊन काढावा लागेल. दोघं एकत्र बसा. आधी तुमचा काढा, मग तिने तिच्या लॉगिनमधून लावायचा. परवानगी मागताना गुगल हे ॲप तपासलेलं नाही असा इशारा दाखवेल. तो आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती तिथेच थांबेल.

मग चाचणी. 'रन' दाबून मेल गेला म्हणजे ट्रिगर चालतो असं सिद्ध होत नाही. उद्याच्या तारखेचा खोटा कार्यक्रम टाका, तुमच्या दोघांचे पत्ते भरा आणि सकाळची वाट बघा. 7 ते 8 ची वेळ निवडली असेल तर मेल त्या तासात कधीही जाऊ शकतो. 7 ला आला नाही म्हणून तिने स्क्रिप्टमध्ये हात घालू नये.

पाटी_पेन्सिल

बरं, ट्रिगरचं मला माहीत नव्हतं. पण मग क्लबचं एकच सामायिक जीमेल का नको? सगळं त्याच्यावर ठेवायचं, दरवर्षी फक्त पासवर्ड द्यायचा. प्रत नाही, ट्रिगर नाही.

ओसरी

आमच्याकडे आता तसंच आहे. अडचण एकच, लॉगिनचा कोड अजून मागच्या सचिवाच्या फोनवर येतो. ती परीक्षेत असली की आम्ही बाहेर.

रात्रपाळी

सामायिक खात्याला माझा विरोध नाही, पण पासवर्ड पाच जणांकडे गेला की नोंदणी करणाऱ्यांचे फोन नंबर कोण बघतंय याचा पत्ता राहत नाही. ज्या क्लबमध्ये मी दर आठवड्याला कार्यक्रम बघितले तिथे मी सामायिक खातं निवडलं असतं, महिन्यातून एक असेल तर व्यक्तीचं. आणि काहीही निवडा, संपलेल्या कार्यक्रमांच्या नंबरांच्या ओळी सोपवण्याआधी पुसा, त्या पुढे देण्याचं कारण नाही.

शेवटचं_सत्र

आमचे महिन्याला दोन असतात, म्हणजे बरोबर मधोमध. :| सामायिक खातं घ्यायचं तर कोड फोनवर न येता बॅकअप कोड छापून क्लबच्या कपाटात ठेवले तर चालतील का, हे सरांना विचारतो. सध्या यादीच्या वर 'ट्रिगर कोणाच्या खात्यावर' लिहिलंय आणि शनिवारी ती आणि मी बसतोय. आकाशदर्शनाच्या नोंदण्या त्याआधी सुरू झाल्या तर प्रत नंतर काढेन.