ऑनलाइन फसवणुकीवरच्या रविवारच्या सेशनच्या स्लाइड्स (सोसायटी ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे)

साठे काकू सी-702 (सकाळी 9:12)
प्रधान साहेब, काल रात्री टाकलेल्या स्लाइड्स बघितल्या. 6 नंबरच्या स्लाइडवर "आपल्याच सी विंगमधील एका ज्येष्ठ सभासदांनी ओटीपी सांगितल्यामुळे 54 हजार गमावले" असं लिहिलंय. सी विंगमध्ये असे ज्येष्ठ किती आहेत हे लिफ्टमनलासुद्धा माहीत आहे. कोणाला विचारून टाकलंत?

साठे काकू सी-702 (9:13)
आणि ह्यांनी ओटीपी सांगितला नाही.

सेक्रेटरी प्रधान (9:20)
नमस्कार वहिनी 🙏 नाव कुठेच दिलेलं नाही. बँकेच्या 14 स्लाइड्स इंग्रजीत आहेत, कमिटीने फक्त मराठी केल्या आणि एक स्थानिक उदाहरण घातलं, लोकांना जवळचं वाटावं म्हणून.

साठे काकू सी-702 (9:21)
जवळचं वाटावं म्हणून पार्किंगचं उदाहरण घ्या ना.

गावडे खजिनदार (9:22)
😂

आपटे काका ए-501 (9:24)
महत्त्वाचे!! स्लाइडमध्ये हे घ्या. एटीएममध्ये चोराने धमकावले तर पिन उलटा टाकावा. पैसे निघतात पण पोलिसांना आपोआप फोन जातो. सर्वांना पाठवा.

लीना पाटील बी-603 (9:26)
काकांची काही चूक नाही. सहा महिन्यांपूर्वी त्या स्पीड पोस्टवाल्याला माझ्या नवऱ्याने ओटीपी सांगितला होता, इंजिनिअर असून.

लीनाचे मिस्टर बी-603 (9:27)
हे इथे सांगायची गरज होती का?

निनाद बी-1104 (9:31)
साठे काकू बरोबर बोलतायत. काकांचा फोन त्या दिवशी मीच बघितला होता. एकही ओटीपी त्यांनी कोणाला सांगितला नाही. ती स्लाइड चुकीची आहे आणि तीच लोकांना गाफील ठेवेल. "मी ओटीपी सांगत नाही, म्हणजे मी सुरक्षित" असं समजून बसणारे आपल्याकडे बरेच आहेत.

सेक्रेटरी प्रधान (9:33)
ओटीपी न सांगता पैसे जातात कसे? बँकेचे अधिकारी तर म्हणाले की 'ओटीपी देऊ नका' हीच मुख्य ओळ ठेवा.

साठे काकू सी-702 (9:34)
ह्यांनी ओटीपी सांगितला नाही.

निनाद बी-1104 (9:41)
सांगतो, जरा लांब होईल. काका, तुमची हरकत नाही ना?

साठे काका सी-702 (9:44)
नाही. घडलं ते मीच सांगतो. तू चुकलं तिथे सांग.

साठे काका सी-702 (9:52)
सकाळी साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. डीपीला गॅस कंपनीचं चिन्ह. मागचं बिल अपडेट नाही, रात्री 9.30 ला पुरवठा बंद. खाली एक फाइल, Gas_Bill_Update.apk. मला ते बिलच वाटलं. पाठोपाठ फोन आला. मुलगा इतका गोड बोलत होता की विचारू नका, "अंकल, टेन्शन मत लो, मैं लाइन पे हूँ." मी फाइल दाबली तर फोनच म्हणाला की सुरक्षेसाठी असं अ‍ॅप घेता येत नाही. तो म्हणाला, सेटिंगमध्ये जाऊन परवानगी चालू करा. मी केली. मग अ‍ॅपने मेसेज वाचू का विचारलं, हो म्हटलं. मेसेजसाठी मलाच मुख्य अ‍ॅप करा म्हणालं, तेही हो. मग ग्राहक क्रमांक घातला आणि 12 रुपये भरायला कार्डचा नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे टाकले. 12 रुपयांत कोण फसतो, असा विचार केला.

शेख भाई ए-203 (9:55)
सर, फोन स्वतः नको म्हणत होता 😔

निनाद बी-1104 (10:04)
हो, आणि तीच स्लाइडवर हवी असलेली गोष्ट. एपीके म्हणजे अ‍ॅप बसवायची फाइल, बिल नाही. कार्डचे आकडे काकांनी स्वतः टाकले, पण त्यांना वाटलं ते 12 रुपयांसाठी. चोराला मग फक्त ओटीपी लागतो. तो काकांच्याच फोनवर आला, आणि मेसेज वाचायची परवानगी असलेल्या अ‍ॅपने तो परस्पर पुढे पाठवला. मुख्य मेसेज अ‍ॅप करून घेतल्यामुळे ते अ‍ॅप बँकेचे मेसेज पुसूही शकत होतं. म्हणून पैसे गेल्याचे मेसेज काकांना दिसलेच नाहीत.
यूपीआय नव्या फोनवर चालू करतानाही आपल्या सिममधून एक एसएमएस जातो. असं अ‍ॅप तो एसएमएससुद्धा आपल्या नकळत पाठवू शकतं.

लीना पाटील बी-603 (10:06)
मग कळलं कसं?

साठे काका सी-702 (10:10)
बँकेत ईमेल पुण्याच्या मुलाचा दिलाय. त्याचा 2 वाजता लँडलाइनवर फोन, "बाबा, 24,999 चं काय घेतलंत?" त्याआधी तासाभरात 19,500 पण गेले होते.

आपटे काका ए-501 (10:12)
महत्त्वाचे!! एटीएममध्ये पिन उलटा टाकावा. पोलिसांना आपोआप फोन जातो. कृपया स्लाइडमध्ये घ्या.

निनाद बी-1104 (10:14)
आपटे काका, ती अफवा आहे. पिन उलटा टाकला तर तो चुकीचा पिन ठरतो, एवढंच. आणि ज्यांचा पिन 1221 असेल त्यांनी काय करायचं?

गावडे खजिनदार (10:15)
त्यांच्याकडे पोलीस रोज येणार 😂

आपटे काका ए-501 (10:16)
माझ्या मेव्हण्याने पाठवलं आहे. तो रिटायर्ड बँक मॅनेजर आहे.

सेक्रेटरी प्रधान (10:20)
विषयावर राहू या. 54 हजार हा आकडा कुठून आला मग? 24,999 आणि 19,500 मिळून 44,499 होतात.

साठे काकू सी-702 (10:21)
वा. आता हिशोबही मागा. टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचा कधी इतक्या तत्परतेने दिला होतात?

गावडे खजिनदार (10:22)
वहिनी, तो एजीएममध्ये दिलाय.

निनाद बी-1104 (10:30)
तिसरा व्यवहार 9,800 चा. तो महत्त्वाचा आहे. मुलाने पुण्याहून बँकेच्या नंबरवर 2:10 ला तक्रार लावली आणि तक्रार क्रमांक घेतला. तरी कार्ड बंद होईपर्यंत 2:40 ला 9,800 गेले. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक आहे. ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. त्यामुळे 9,800 परत आले. क्रमांक घेतला नसता, तर 2:10 ला फोन केला होता हे आपण सांगत बसलो असतो.

शेख भाई ए-203 (10:33)
आणि बाकीचे 44 हजार?

साठे काका सी-702 (10:37)
1930 या सायबर हेल्पलाइनवर मी शेजारच्या फोनवरून तक्रार केली. 19,500 पैकी 11,200 पुढच्या खात्यात अडवून ठेवले गेलेत. अजून मिळाले नाहीत, प्रक्रिया चालू आहे. 24,999 तोपर्यंत पुढच्या पुढे गेले होते.

लीनाचे मिस्टर बी-603 (10:40)
म्हणून मी म्हणतो, आयफोन घ्या. त्यात एपीके चढतच नाही.

निनाद बी-1104 (10:42)
खरं आहे, चढत नाही. पण असाच कार्डचा फॉर्म लिंकवर आला आणि ओटीपीही तिथेच टाकला, तर आयफोनवरही पैसे जातात.

लीना पाटील बी-603 (10:43)
ऐकलंस?

देशमुख आजी डी-101 (10:48)
मला परवा आरटीओ चलन म्हणून असंच काही आलं. माझ्याकडे गाडी नाही म्हणून हसले. पण फाइल आपोआप उतरली आहे. माझे पैसे गेले का?

निनाद बी-1104 (10:51)
नाही आजी. उतरलेली फाइल नुसती पडून राहिली तर काही होत नाही. ती दाबून बसवली, परवानग्या दिल्या, तर धोका. संध्याकाळी येतो, पुसून टाकतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये कागदपत्रं आपोआप उतरायचं बंदही करतो.

देशमुख आजी डी-101 (10:52)
ये. थालीपीठ करते.

गावडे खजिनदार (10:53)
आजी, माझ्या फोनवर पण फाइल आहे.

सेक्रेटरी प्रधान (11:05)
ठीक. स्लाइड 6 बदलू. निनाद, मजकूर तूच दे. मोठ्या अक्षरात, एका स्लाइडवर चार ओळींपेक्षा जास्त नको, मागे बसलेल्यांना दिसत नाही.

निनाद बी-1104 (11:24)
दोन स्लाइड्स करा.

स्लाइड 6
फाइलच्या नावाखाली 'APK' दिसलं की दाबू नका. Bill.pdf.apk असं फसवं नावही असतं, शेवटची तीन अक्षरं बघा.
गॅस, वीज, बँक, आरटीओ कोणीही व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅप पाठवत नाही.
फोन 'हे अ‍ॅप घेता येत नाही' म्हणाला, तर फोनचं ऐका, फोनवरच्या माणसाचं नाही.
तुम्ही ओटीपी सांगितला नाही तरी अ‍ॅप तो वाचतं.

स्लाइड 7, अ‍ॅप बसवलं गेलं तर
आधी नेट बंद: एरोप्लेन मोड, वाय-फायसुद्धा.
दुसऱ्या फोनवरून कार्डच्या मागच्या नंबरवर बँकेला: कार्ड आणि यूपीआय बंद करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या.
लगेच 1930. तक्रार cybercrime.gov.in वरही.
सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये.

लीना पाटील बी-603 (11:27)
कार्डच्या मागचाच नंबर का? गूगलवर मिळतो ना.

निनाद बी-1104 (11:30)
तिथे कधी कधी चोरांनीच टाकलेले कस्टमर केअरचे नंबर असतात. घाबरलेला माणूस पहिला दिसेल तो लावतो. आणि सिम साध्या फोनमध्ये का, तर पुढचे ओटीपी त्या अ‍ॅपच्या हाती लागू नयेत. मूळ फोन नंतर त्यातले फोटो दुसरीकडे घेऊन पूर्ण रीसेट. काकांच्या फोनवर ते अ‍ॅप काढायचं बटणच दबत नव्हतं. आधी सेटिंगमधून त्याचा डिव्हाइस अ‍ॅडमिनचा अधिकार काढावा लागला. तेही मी इंटरनेट बंद ठेवून केलं.

आपटे काका ए-501 (11:33)
आणि एटीएमचं?

सेक्रेटरी प्रधान (11:34)
आपटे साहेब, ते बँकेच्या अधिकाऱ्यांना प्रश्नोत्तरात विचारा.

आपटे काका ए-501 (11:35)
विचारणारच आहे.

वैद्य मॅडम ए-904 (11:40)
स्लाइड ठीक आहेत. चहा-बिस्किटांचं बिल बँक देणार की सोसायटी? मागच्या योग शिबिराला सोसायटीने दिलं होतं आणि 9 जण आले होते.

गावडे खजिनदार (11:42)
बँक. फक्त खुर्च्या आपल्या.

साठे काकू सी-702 (11:50)
आणि सी विंगचं ते वाक्य?

सेक्रेटरी प्रधान (11:52)
काढलं वहिनी. उदाहरणच काढलं.

साठे काका सी-702 (12:15)
काढू नका. रविवारी मी पाच मिनिटं बोलतो. नाव टाका, रक्कम टाकू नका. व्याह्यांना अजून आकडा माहीत नाही.

साठे काकू सी-702 (12:17)
व्याही कधीपासून ह्या ग्रुपवर आहेत. बी-1203.

साठे काका सी-702 (12:18)
मग टाका रक्कम.