मदत हवी आहे: गणपतीच्या माळा आणि तापणारी पिन
मंडळी, मंगळवार पेठेत जुनं घर आहे. गणपतीच्या खोलीत 6 अँपिअरचा एकच सॉकेट. त्यावर एक्स्टेंशन बोर्ड लावून 10 वॅटच्या 12 एलईडी माळा आणि 500 वॅटचे दोन हॅलोजन जोडले. हिशेब असा: 120 अधिक 1000, म्हणजे 1120 वॅट; भागिले 230 व्होल्ट, साधारण 4.9 अँपिअर. कागदावर बसतंय की!

पण अर्ध्या तासात बोर्डाची पिन हात लावू नये इतकी तापली. वायर मोकळी सोडली होती, ती कोमटच. एमसीबीही पडला नाही. पिन सॉकेटात जरा हलते, त्यामुळेच असेल का? हॅलोजनऐवजी 20 वॅटचे एलईडी फोकस लावले तर लोड 160 वॅटवर येतो. तेवढ्यावर भागेल, की सॉकेट आधी बदलूच? वायरमन ‘उद्या येतो’ म्हणत चार दिवस झाले.