मदत हवी आहे : जबाबात ‘आवाज ओळखला’ हे निरीक्षण की अंदाज?

ऑफिसमधल्या एका प्रकाराचा लेखी जबाब एचआरने मागितला आहे, उद्या द्यायचा आहे. तक्रारदार मी नाही, फक्त साक्षीदार आहे.

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘साहेबांनी रागाच्या भरात फाइल तिच्या अंगावर फेकली.’ पुन्हा वाचल्यावर जाणवलं, राग हा माझा अंदाज आणि ‘अंगावर’ म्हणजे तर थेट हेतूच चिकटवला. आता असं केलंय : ‘दुपारी ४ च्या सुमारास त्यांनी टेबलावरून फाइल उचलून फेकली. ती तिच्या खांद्याला लागून खाली पडली. मी साधारण दहा फुटांवर होतो.’ ‘नेहमीच असं वागतात’ हे वाक्य काढलं. सहकाऱ्याशी मुद्दाम बोललो नाही, नाहीतर त्याचं ऐकलेलं माझ्या आठवणीत मिसळायचं. त्याच संध्याकाळी मोबाइलमध्ये केलेली नोंद तशीच ठेवली आहे.

अडलंय पुढे. नंतर केबिनचं दार बंद झालं आणि आतून शिवी ऐकू आली. आवाज त्यांचाच वाटला, पण बोलताना पाहिलं नाही. आत आणखी एक जण होता.

हे ‘त्यांनी शिवी दिली’ असं न लिहिता नेमकं कसं मांडू? आणि शिवी जशीच्या तशी लिहायची का?